पहिल्या भेटीनंतर स्थळाला नकार कसा कळवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी ओळखीतल्या घरांची स्थळं जुळवते. होकार कसा कळवायचा हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. नकाराबद्दल मात्र आठवड्याला दोन-तीन तरी फोन येतात, बहुतेक रात्री नऊनंतर, आवाज खाली ठेवून. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बघण्याचा कार्यक्रम किंवा पहिली भेट झाली आहे आणि पुढे जायचं नाही, एवढ्याच टप्प्याबद्दल हे लिहिलं आहे. सुपारी फुटल्यानंतर मोडणाऱ्या लग्नांचा विषय वेगळा आहे, तो इथे नाही.

एकदा भेट झाली, त्यांचा पाहुणचार घेतला. आता नाही म्हणणं चुकीचं ठरतं का?

नाही. भेट ठरते ती बघायलाच, आणि दोन्ही घरांना हे माहीत असतं. बायोडाटात न दिसणाऱ्या गोष्टी समोरासमोर दिसाव्यात म्हणून तर भेटायचं. त्या दिसल्यावर 'नाही' वाटलं तर भेटीचं काम झालं. नकारामुळे माणसं दुखावतात हे खरं आहे, पण माझ्या अनुभवात दुखावण्याचं मूळ बहुतेक वेळा त्या 'नाही'मध्ये नसतं. ते असतं उशिरात, खोट्या कारणात आणि चौघांत पसरलेल्या एखाद्या शेऱ्यात. पुढची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

किती दिवसांत कळवायला हवं?

तीन दिवसांत. भेट रविवारी झाली असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत. त्याच संध्याकाळी घाईघाईने कळवू नका, कारण 'बघताक्षणीच नाकारलं' असा अर्थ निघतो आणि तो बराच काळ टोचत राहतो. निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या.

तीनच दिवस का? निरोप येईपर्यंत समोरच्या घरात काय चालतं ते पाहिलं की कळतं. त्यांच्याकडे दुसरं एखादं स्थळ आलेलं असतं, त्यांना ते 'जरा थांबा' म्हणून ठेवतात. मामा-काका रोज विचारतात, 'काय झालं त्यांचं?' मुलगी किंवा मुलगा फोन वाजला की मान वर करतो. पहिले तीन दिवस ही वाट पाहणं साहजिक वाटतं. आठवडा उलटला की 'अजून विचार चाललाय म्हणजे होकारच असणार' असं घरात बोललं जायला लागतं, आणि त्यानंतर आलेला नकार हा दिलेला शब्द मोडल्यासारखा लागतो.

खरोखरच ठरत नसेल तर तेही तिसऱ्या दिवशी कळवा, पण तारीख देऊन: 'आमचं अजून बोलणं व्हायचंय, रविवारी नक्की सांगतो.' नुसतं 'कळवतो' म्हणून सोडलं की घोंगडं भिजत पडतं.

नकार कोणी कळवायचा, आणि फोन करायचा की मेसेज?

ज्या वाटेने स्थळ आलं त्याच वाटेने नकार जावा. मध्यस्थाने भेट ठरवली असेल तर मध्यस्थाला सांगा, आणि ते समोर कधी पोचवणार आहेत हेही विचारून घ्या. दोन्ही घरांनी थेट बोलून भेट ठरवली असेल, तर ज्या मोठ्या माणसाने ती ठरवली त्यानेच समोरच्या त्याच माणसाला फोन करावा. आईने आईशी बोलून ठरवलं असेल तर आईनेच. काकांना पुढे करून सांगितलं की समोरच्यांना वाटतं, आमच्याशी बोलायचीही यांना लाज वाटली.

भेट झाली असेल तर फोनच करा. विवाहाच्या साइटवर नुसत्या फोटोवरून आलेल्या विचारणेला बटण दाबून नाही म्हणता येतं. पण घरी जाऊन बसून आल्यावर तिथलं बटण दाबून मोकळं होणं बरं दिसत नाही. फोन लावण्याआधी 'बोलायला वेळ आहे का?' एवढा मेसेज टाका, म्हणजे ते बाजारात किंवा पाहुण्यांत असताना हा निरोप त्यांना घ्यावा लागत नाही. दोनदा फोन करूनही उचलला नाही तर मग मेसेजमध्ये लिहा. तो तुमचा आळस ठरत नाही.

फोनवर नेमकं काय बोलायचं?

भेटीतली एखादी खरी चांगली गोष्ट, मग स्पष्ट 'नाही', आणि मग थांबायचं. एवढंच. मी लोकांना साधारण असं लिहून देते:

'नमस्कार, रविवारी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही सगळ्यांनी फार मोकळेपणाने बोललात, आजोबांशी बोलून आमच्या ह्यांना विशेष आनंद झाला. आम्ही घरी नीट विचार केला. हे स्थळ पुढे न्यायचं नाही असं आमचं ठरलंय. तुम्हाला वाट पाहायला लागू नये म्हणून लगेच कळवतेय.'

यातलं आजोबांचं वाक्य बघा. ते त्या घरालाच लागू पडतं, दुसऱ्या कुठल्या घरी म्हणता येणार नाही. 'तुमची फॅमिली खूप चांगली आहे' हे सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. एक खरी आठवण सांगितली की त्यांना कळतं, ही माणसं आपल्याकडे लक्ष देऊन बसली होती.

'नाही' मात्र गुळमुळीत नको. 'सध्या जरा थांबतोय', 'बघू पुढे', 'मुलगा म्हणतोय एवढ्यात नको' या वाक्यांत आशा शिल्लक राहते. सहा महिन्यांनी ते पुन्हा विचारतात, तोवर तुमच्या घरी साखरपुडा झालेला असतो आणि त्यांना तो दुसऱ्याकडून कळतो. आणि 'नाही' सांगून झाल्यावर बोलत राहू नका. शांतता अवघड वाटते म्हणून माणूस कारणं द्यायला लागतो आणि तिथेच गडबड होते.

त्यांनी कारण विचारलंच तर?

बहुतेक घरं विचारतात, आणि विचारण्यात गैर काही नाही. उत्तर देताना मनाशी एकच तपासा: हे वाक्य त्यांच्या मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल निकाल देतंय, की आपल्या घराबद्दल काही सांगतंय? दुसऱ्या प्रकारचंच बोला. 'आमच्या मुलाला पुढची पाच-सहा वर्षं परदेशात काढायची आहेत आणि तुमच्या मुलीला आई-वडिलांजवळ राहायचंय' हे कारण सांगता येतं. ते खरं आहे, दोघांनी भेटीत मांडलेलं आहे आणि त्यात कोणाचं उणं निघत नाही. नोकरी सोडणं-न सोडणं, एकत्र कुटुंब की वेगळं बिऱ्हाड, मूल हवं-नको याबद्दलची मतं, हेही सांगण्यासारखं असतं.

रंग, उंची, वजन, बोलण्याची ढब, घराचा आकार, वडिलांची नोकरी, भावाचं शिक्षण यांतलं काहीही सांगायचं नाही. विचारलं तरी नाही, 'आम्हाला वाईट वाटणार नाही, मोकळेपणाने सांगा' म्हटलं तरी नाही. कारण खरंच तेवढंच असेल, किंवा कारण सापडतच नसेल, तर एवढं पुरतं: 'वेगळं असं कारण नाही हो. दोघं बोलली, पण मुलीला आतून होकार आला नाही. त्यावर आम्ही तिला जास्त विचारलं नाही.' हे खरं असतं आणि त्यावर वाद घालता येत नाही.

इथे माझी एक चूक सांगते. मध्यस्थी करायला लागल्यावर सुरुवातीच्या काळात एका घराचा नकार मी पोचवला. मुलीच्या आईने कारण विचारलं. काहीतरी सौम्य सांगावं म्हणून मी म्हणाले, 'त्यांना मुलगी जरा शांत वाटली.' मला हा शब्द निरुपद्रवी वाटला होता. दोन महिन्यांनी त्या आईचा फोन आला. म्हणाल्या, 'ताई, शांत म्हणजे नेमकं काय हो? ती आता कुठेही भेटायला गेलो की सारखी बोलत सुटते. घरी आली की मला विचारते, आज पुरेसं बोलले ना?' त्यानंतर मी मुलीबद्दल किंवा मुलाबद्दलचं एकही विशेषण कधी निरोपात घातलेलं नाही.

'पत्रिका जुळत नाही' म्हणून सांगितलं तर कोणीच दुखावणार नाही ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. समज असा की दोष ग्रहांवर जातो आणि माणसं सुटतात. माझा सल्ला आहे, पत्रिका खरोखरच जुळत नसेल तरच हे सांगा.

पहिली अडचण, बहुतेक घरांत पत्रिका भेटीच्या आधीच बघून झालेली असते. मग भेटीनंतर ती अचानक बिघडली कशी, हे समोरच्यांना लगेच कळतं. दुसरी अडचण, हे कारण पडताळता येतं. गुणमेलन जन्मनक्षत्र आणि राशीवरून काढतात, ३६ पैकी १८ गुणांपासून पुढे जुळतं असं धरतात. जन्मतारीख, वेळ आणि गाव हातात असेल तर मोबाइलवर मिनिटाभरात आकडा येतो. तुम्ही 'गुण कमी आहेत' म्हणता, ते घरी बसून काढतात आणि २६ येतात. झालं, आता नकारासोबत खोटेपणाही हिशेबात आला. काही घरं तर उपाय घेऊन परत येतात: आमच्या गुरुजींनी सांगितलंय, शांत करून घेऊ. मग तुम्हाला दुसरं खोटं शोधावं लागतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते. 'एकनाड आहे' हे दोन पत्रिकांमधलं नातं आहे, त्याने एकट्या मुलीवर काही चिकटत नाही. पण 'मंगळ कडक आहे' असं उगाच म्हटलं की ते तिच्या नावाला लागतं. मध्यस्थ पुढच्या घरी तेच सांगतो, 'पत्रिका जरा बघून घ्या बरं का तिची.' तुमची पाच मिनिटांची अवघड वेळ टळावी म्हणून एखाद्या मुलीला किंवा मुलाला पुढची दोन वर्षं ते ओझं वाहावं लागतं.

पत्रिका खरीच आड येत असेल तर नक्की काय ते सांगा, 'दोघांची नाडी एक येतेय आणि आमच्याकडे ते मानतात', आणि शक्यतो भेटीआधीच सांगा.

आई-बाबांना स्थळ पसंत आहे, मला नाही. आधी घरात कसं सांगू?

भेटीच्या दिवशीच, झोपण्याआधी, दोघांपैकी ज्याच्याशी जास्त बोलता येतं त्याला एकट्याला गाठून सांगा. सकाळपर्यंत आईने मावशीला फोन केलेला असतो आणि मग तुमच्याआधी बातमी पळायला लागते.

'नाही आवडलं' एवढ्यावर आई-बाबा थांबत नाहीत, कारण त्यांच्या कानाला ते हट्टासारखं लागतं. भेटीत झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगा. एका मुलीने आईला सांगितलेलं मला आठवतं: 'मी त्याला विचारलं, माझी रात्रपाळी असते महिन्यातून दहा दिवस, चालेल का. तो म्हणाला, लग्नानंतर बघू, बदलून घेता येईल. मी तीनदा वेगवेगळ्या प्रकारे विचारलं, तिन्ही वेळा तो हेच म्हणाला.' आई म्हणाली, बोलण्यातून सुटेल गं. मुलगी म्हणाली, 'सुटेल, पण मी नोकरी सोडून.' त्यावर आई गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. नावड शब्दांत मांडता आली की घरचे ती धरून बोलू शकतात.

कधी मात्र असं दाखवण्यासारखं काहीच नसतं. माणूस चांगला, घर चांगलं, आणि तरी मन होत नाही. तसं असेल तर तसंच सांगा आणि कारण रचू नका. रचलेलं कारण आई-बाबा दूर करायला निघतात. 'पगार कमी वाटला' म्हटलंत तर ते बढतीची बातमी घेऊन येतील. दोन दिवस घरात धुसफूस होईल, ती होऊ द्या. घरातली ही बोलणी संपेपर्यंत बाहेर काही जाऊ नये एवढं मात्र आई-बाबांकडून कबूल करून घ्या, आणि तीन दिवसांची मुदत त्यांनाही सांगा.

उलटं झालंय. मला पसंत आहे, घरचे नकार कळवताहेत आणि नाव माझं सांगताहेत.

हे चालू देऊ नका. घरात काय ठरायचं ते ठरो, पण 'मुलाला पसंत नाही' हा निरोप तुमच्या नावाने गेला आणि प्रत्यक्षात तसं नसेल, तर ती मुलगी स्वतःतच काहीतरी उणं शोधत बसते. घरच्यांना म्हणा, 'आमच्या घरचा निर्णय आहे' असं सांगा. हे वाक्य खरं आहे आणि त्यात कोणी वेगळा पाडला जात नाही.

आम्ही दोघांनी नंबर घेतले होते, थोडं बोलणंही झालं. मी वेगळं कळवायचं का?

हो, पण मोठ्यांचा फोन होऊन गेल्यावर, त्याच दिवशी. आधी तुम्ही कळवलंत तर ती बातमी आपल्याच आई-वडिलांना सांगण्याचं काम त्या मुलीवर किंवा मुलावर येतं. फोन झाला की एक मेसेज: 'घरून फोन झालाच असेल. तुझ्याशी बोलून छान वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाहीये. हे माझ्याकडूनही तुला कळावं म्हणून लिहितोय.' भेटीत जसं एकमेकांना अरे-तुरे किंवा अहो-जाहो केलं, तसंच मेसेजमध्ये ठेवा. अचानक 'आपण' म्हणून लिहिलं की परकेपणा टोचतो.

उत्तर आलं तर एकदा नीट वाचून एकदाच उत्तर द्या. 'मैत्री ठेवू या' हे त्या दिवशी म्हणू नका. आणि काही न कळवता ब्लॉक करणं तर अजिबात नको. शिवीगाळ किंवा सतत फोन सुरू झाले तर अर्थातच ब्लॉक करा, तिथे संकोच नको.

स्थळ आत्याने सुचवलंय. नकार दिला तर आत्याच दुखावेल, त्याचं काय?

नात्यातून आलेल्या स्थळात तीन घरं असतात, आणि तिसऱ्या घराचा विचार कोणी करत नाही. आत्याने दोन्हीकडे शब्द टाकलेला असतो. नकार तिला तोंडावर सांगावा लागतो, त्यानंतरही त्या घरी तिचं जाणं-येणं राहणार असतं. तिचा राग बहुतेक 'माझं स्थळ नाकारलं' याचा नसतो. 'मी आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू' हा तिचा प्रश्न असतो, आणि तो सोडवून देणं आपल्या हातात आहे.

एका घरात हे कसं झालं ते सविस्तर सांगते. आत्याच्या नणंदेच्या शेजारातलं स्थळ. रविवारी दुपारी मुलगा बघायला आला. मुलीने त्याच रात्री आईला 'नाही' म्हणून सांगितलं. कारण एवढंच की मुलाच्या घरी सगळे निर्णय मोठा भाऊ घेतो, आणि भेटीतही मुलीने मुलाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं भाऊच देत होता. सोमवारी घरात बोलणं झालं. मंगळवारी संध्याकाळी वडील स्वतः बहिणीकडे गेले, फोनवर भागवलं नाही. आत्या उखडली: 'अरे, इतकं चांगलं स्थळ! मी किती वर्षांची ओळख खर्ची घातली!' वडिलांनी तिला बोलू दिलं. मग म्हणाले, 'ताई, तू शोधलंस म्हणून तर आम्ही लगेच हो म्हणून बसलो. पण पोरीचा होकार नाही. तुला अवघड होणार असेल तर मी थेट फोन करतो, तुझं नाव खराब होऊ देत नाही.' आत्या म्हणाली, नको, मीच सांगते. वडिलांनी मग काय सांगायचं ते तिच्याशी ठरवून घेतलं: 'मुलीचा होकार नाही, बाकी काही नाही.' भावाचा विषय त्यांनी आत्यापाशी काढलाच नाही. काढला असता तर नणंदेमार्फत तो शेजारी पोचायला दोन दिवस लागले नसते.

बुधवारी सकाळी आत्याने कळवलं. दुपारी वडिलांनीही मुलाच्या वडिलांना छोटा फोन केला: 'ताईने सांगितलंच आहे. तुम्ही एवढ्या लांबून आलात, त्याबद्दल आभार मानायला फोन केला.' या दुसऱ्या फोनमुळे आत्या नुसती निरोप्या राहिली नाही, तिच्यामागे तिचा भाऊ उभा आहे हे तिकडे दिसलं. पुढचं स्थळही त्या मुलीला आत्यानेच आणलं.

मध्यस्थ नात्यातला नसून ओळखीतला असेल तरी क्रम हाच ठेवा: आधी त्याला, ठरलेल्या शब्दांत, आणि पूर्ण कारण त्याच्यापाशी न ओतता.

'घाई करू नका, दोघांना परत एकदा भेटू द्या' असा आग्रह होतोय.

मनात खरंच शंका असेल तर जरूर भेटा. पहिल्या भेटीत दहा माणसांसमोर पुष्कळांची जीभ उचलत नाही, आणि दुसऱ्या भेटीत वेगळाच माणूस दिसल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. पण 'नाही' ठरलेलं असताना नुसत्या भिडेखातर गेलात, तर समोरच्या घरात ती भेट ऐंशी टक्के होकार म्हणून धरली जाते आणि नंतरचा नकार दुप्पट लागतो. तेव्हा म्हणा, 'तुमचा मोठेपणा आहे, पण आमचं ठरलंय. पुन्हा भेटून त्यांच्या मनात उगाच आशा निर्माण करणं आम्हाला बरोबर वाटत नाही.' तिसऱ्यांदा आग्रह झाला तरी वाक्य बदलू नका. दर वेळी नवं कारण दिलं की ते प्रत्येकावर तोडगा शोधत राहतात.

'कळवतो' म्हणालो आणि महिना गेला. आता काय तोंडाने फोन करू?

आजच करा. उद्या ते याहून अवघड होईल. बहाणा सांगू नका, 'गावाला गेलो होतो' वगैरे. म्हणा, 'आम्ही वेळेवर कळवायला हवं होतं, ते राहिलं, ही आमची चूक. तुम्हाला ताटकळत ठेवलं त्याबद्दल माफी मागते. आमचा नकार आहे.' समोरून चार शब्द ऐकावे लागतील. ते ऐकून घ्या, उलट बोलू नका. 'त्यांनीही विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलंच असेल' असं समजून गप्प बसणारे खूप आहेत. त्यांनी विचारलं नाही, कारण मुलीकडच्यांनी सारखं विचारू नये असं आजही कित्येक घरांत मानतात.

भेटीत हुंड्याचं सुचवलं गेलं, किंवा मोठी गोष्ट लपवल्याचं नंतर कळलं. तरीही गोडच बोलायचं?

सभ्य बोला, पण इथे कारण लपवायची गरज नाही. हुंडा देणं, घेणं आणि मागणं, तिन्ही गोष्टी १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेत. 'आमचं काही मागणं नाही, पण मुलाला फ्लॅटसाठी थोडा हातभार लावलात तर' हेही मागणंच आहे. 'देण्याघेण्याचा विषय निघाला, आम्हाला ते मान्य नाही, म्हणून नकार' असं स्पष्ट सांगा आणि मध्यस्थालाही सांगा, कारण तो हेच स्थळ उद्या दुसऱ्या घरी नेणार आहे.

आधीचं लग्न, नोकरी नसणं, शिक्षण खोटं सांगणं असं काही उघड झालं, तर फक्त 'बायोडाटातली माहिती आणि आम्हाला कळलेली माहिती यांत फरक आहे' एवढं बोला. तपशील वाचून दाखवू नका. आजारपण मात्र यात धरू नका. एखाद्याच्या औषधोपचारांची गोष्ट तुम्हाला कळली असेल तर ती तुमच्यापाशीच राहू द्या, मध्यस्थापाशीही नको. तिथे नेहमीचा साधा नकार द्या.

त्यांचा बायोडाटा, फोटो आणि पत्रिका आमच्याकडे आहेत. त्यांचं काय करायचं?

पूर्वी फोटो आणि पत्रिका पाकिटातून परत पाठवत. आता सगळं मोबाइलवर येतं आणि तिथेच पडून राहतं. नकार कळवलात त्याच दिवशी पुसून टाका, ज्या भावंडांना आणि मावश्यांना पुढे पाठवलं होतं त्यांनाही पुसायला सांगा, आणि फोनवर समोरच्यांना तसं कळवा. बायोडाटावर जन्मवेळ, पत्ता, पगार, सगळं असतं. 'आमच्या भाच्यासाठी चालेल' म्हणून तो परस्पर पुढे सरकवू नका. आधी त्यांना विचारा, आणि तेही नकारानंतर निदान पंधरा दिवसांनी. त्याच फोनमध्ये दुसरं स्थळ सुचवणं म्हणजे 'आमच्याला नको, त्याला चालेल' असं ऐकू जातं.

नकार आम्हाला आला तर काय म्हणायचं?

'कळवलंत ते बरं झालं.' कारण विचारावंसं वाटलं तरी विचारू नका, निदान पहिल्या फोनवर तरी. मिळणारं उत्तर बहुतेक वेळा घाईत शोधलेलं असतं आणि घरात मात्र ते वर्षानुवर्षं खरं म्हणून वावरतं. मुलाला किंवा मुलीला सांगताना 'त्यांनी तुला नाकारलं' असं म्हणू नका. 'त्यांचा फोन आला, त्यांच्याकडून पुढे जायचं नाहीये' एवढं सांगा आणि त्या दिवशी नवीन बायोडाटा समोर ठेवू नका.

नकार कळवला आणि आता मन बदललंय. परत विचारता येतं का?

येतं, पण एकदाच. आणि आधी स्वतः तपासा की मन का बदललं. दुसरं स्थळ फिसकटलं म्हणून ही आठवण येत असेल तर फोन करू नका. खरंच एखादी गोष्ट बदलली असेल, बदली रद्द झाली, घरातला विरोध मावळला, तर मध्यस्थामार्फत आधी एवढंच विचारा की त्यांचं कुठे ठरलंय का. ठरलं असेल तर विषय तिथेच संपवा आणि आपण विचारलं होतं हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. ठरलं नसेल तर जे बदललं ते सरळ सांगा, आणि 'तुम्हाला अवघड वाटत असेल तर आम्ही समजू' हेही सांगा. या वेळी तीन दिवसांची मुदत तुम्ही त्यांना घालू नका. त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या.